आईला वाचता येईल अशा अक्षरांत

आमच्या घरात आईपासून काही लपवायचं असलं की ते इंग्रजी अक्षरांत लिहायचं, ही पद्धत धाकट्या भावानं पाडली. भाषा मराठीच, अक्षरं तेवढी परकी. आई जुनी सातवी पास. देवनागरीत छापलेलं ती काहीही सोडत नाही, मग ते भडंगाच्या पुडीचा कागद असो नाहीतर दवाखान्याच्या भिंतीवरची सूचना. पण इंग्रजी अक्षरांपुढं तिचं काही चालत नाही. आबांचं विसरणं वयाचं नाही, ते दुखणं आहे आणि ते वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा भावानं मला तिथूनच मेसेज टाकला: 'vadhat janar mhantat. aai la bolu nako.' आई त्याच्या शेजारीच बसली होती आणि त्याच स्क्रीनकडं बघत होती. मी उत्तर पाठवलं तेही त्याच अक्षरांत. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा दोघांनाही वाटलं नाही.

आबा म्हणजे आमचे वडील. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. उसानं भरलेली गाडी आधी काट्यावर चढते, तिचं वजन होतं. मग ऊस उतरवून तीच गाडी रिकामी परत काट्यावर यावी लागते, तेव्हा कुठं उसाचं खरं वजन कळतं. हंगामात गाडीवान घाईला आलेले असायचे आणि आबा खिडकीतून प्रत्येकाला बजावायचे, "गाडी रिकामी करून परत काट्यावर आण." नोकरी संपली, गाव सुटलं, आईआबा कोल्हापुरात भावाकडं राहायला आले. मग हळूहळू आबांचं बाकीचं सगळं पुसट होत गेलं आणि हे वाक्य तेवढं शिल्लक राहिलं. आईनं ताट वाढलं तरी तेच, डॉक्टरांनी पाठीला नळी लावली तरी तेच. डॉक्टर म्हणाले, "आणतो की." आम्ही हसायचो. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसायचो.

आबा रोज सकाळी गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत जाऊन परत यायचे. उन्हाळा नुकता लागला होता. त्या दिवशी ते आले नाहीत. मी दोन गल्ल्या पलीकडं राहते. आईचा फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकली होती. आई म्हणाली, "आबा अजून आलं न्हाईत. तुझ्याकडं आल्यात काय?" मी नाही म्हटलं. मी गॅस बंद केला. ती भाजी कुणी टाकून दिली, कधी दिली, मला आजही आठवत नाही.

भाऊ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला. तो शिफ्ट सोडून आला. मारुती, रंकाळ्याचा काठ, बसस्टँड, सगळं बघून झालं. स्टँडवरच्या एका पानवाल्यानं सांगितलं की तसला एक म्हातारा सकाळी बिद्रीकडच्या गाडीत चढताना बघितला, पण खात्री नाही. बिद्री म्हटल्यावर आमच्या जिवात जीव आला, कारण आमचं गाव त्याच बाजूला. आबा काट्यावर निघाले असणार, दुसरं काय. भाऊ मोटारसायकलवर गेला. गावात आबा आले नव्हते. कारखान्याचा हंगाम संपलेला, फाटकावर एकच माणूस, त्यानंही कुणाला बघितलं नव्हतं. आबांचा फोन घरी चार्जिंगला होता, पाकीट उशाखाली; सदऱ्याच्या खिशात बसपुरती चिल्लर असली तर असली. भावानं पोलिसांत तक्रार दिली आणि संध्याकाळी मोकळ्या हातानं परत आला.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी इथल्या एका छोट्या न्यूज पोर्टलचं काम घरून करते. पोलिसांकडून, पंचायतीकडून जे मेसेज येतात त्यांच्या चार-सहा ओळींच्या बातम्या करायच्या आणि वर मथळा द्यायचा. लोक कुठले शब्द टाकून आमच्या पानापर्यंत आले, तेही मला रोज दिसतं. त्यामुळं लोक काय शोधतात आणि त्यांना काय सापडत नाही, याचा मला थोडा अंदाज आहे. त्या दिवसांत हा अंदाज नसता तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ, आई आणि मी सोफ्यावर बसलो होतो. आई मध्ये. भावानं आबांचा फोटो आणि खाली माहिती असं एक कार्ड करून सगळ्या ग्रुपवर फिरवलं होतं. वर लिहिलं होतं, 'Aamche vadil harvle aahet.' आता तो फोनवर शोधत होता. त्यानं टाकलं 'aajoba harvle kolhapur'. मी आईच्या डोक्यावरून वाकून बघितलं. आजोबा जत्रेत हरवतात असला एक विनोदी व्हिडिओ आला. एक गाणं आलं. कुठल्याशा वृद्धाश्रमाची जाहिरात आली आणि दुसऱ्याच राज्यातली एक इंग्रजी बातमी. त्यानं अक्षरं थोडी बदलून पुन्हा टाकलं. विनोदी व्हिडिओ खाली गेला, गाणं वर आलं.

"काय बी न्हाय," भाऊ म्हणाला. "म्हंजे चांगलंच हाय की. काय वंगाळ झालं आसतं तर आलं आसतं."

"समदीकडं बघितलंस काय?" आईनं विचारलं.

"समदीकडं बघितलं आई."

सगळीकडं म्हणजे कुठं ते मला ठाऊक होतं. शोधणारं यंत्र आपण टाकलेले शब्द कुठल्या पानांवर आहेत, ते आधी बघतं. इंग्रजी अक्षरांत मराठी कोण लिहितं? व्हिडिओला नाव देणारे, खाली कमेंट टाकणारे, जाहिरातवाले. पोह्यांची कृती, एखादं गाणं, दहावीचा निकाल असलं काही हजारो लोक रोज इंग्रजी अक्षरांत टाकतात, तेव्हा यंत्र अंदाज बांधतं आणि देवनागरीतली पानंही पुढं करतं. पण कुठल्यातरी कालव्याकाठच्या चार ओळींच्या बातमीसाठी ते तेवढा अंदाज बांधेलच असं नाही. आणि त्या चार ओळी कधीच इंग्रजी अक्षरांत नसतात. त्या देवनागरीत असतात. कशा असतात ते मला पाठ होतं, कारण मीच त्या लिहिते. 'अनोळखी वृद्धाचा मृतदेह आढळला.' मग अंदाजे वय, मग अंगातले कपडे, मग ओळख पटल्यास पोलिसांशी संपर्क साधावा. मथळ्यात गावाचं नाव तेवढं बदलायचं असतं.

भाऊ शोधत होता ते म्हणजे ज्या विहिरीची भीती आहे ती सोडून बाकीच्या विहिरींत डोकावणं होतं. त्याला ते कळत होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. मला कळत होतं, आणि तरी मी माझ्या फोनवर तेच करत होते. 'vruddha', 'kagal', 'bidri', इंग्रजी अक्षरांत जे सुचेल ते. काही आलं नाही की बरं वाटायचं. घाबरलेल्या माणसाला दिलासा कुठूनही चालतो, मग तो खोटा का असेना. कीबोर्डवरचं ते पृथ्वीच्या गोळ्याचं बटण दाबलं की मराठी अक्षरं येतात. माझं बोट त्या बटणाशी जाऊन परत यायचं.

दुपारी भाऊ पुन्हा बाहेर पडला. आई माझ्याजवळ सरकून बसली. तिनं माझ्या फोनकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "तू काय लिवतीस?"

"शोधतेय आई."

"ते दिसतंय. काय लिवतीस ते मला वाचाय येत न्हाय."

मी म्हटलं, लवकर टाइप होतं म्हणून इंग्रजीत करते. रोज देवनागरी टाइप करणाऱ्या बाईनं हे सांगावं आणि आईनं ते ऐकून घ्यावं. तिनं ऐकून घेतलं नाही.

"तुमी दोघं माझ्यापासनं काय लपवायचं आसलं की असं लिवता," ती म्हणाली. "मला ठावं हाय. डाक्टरनं सांगितलेलं बी असंच लिवलं हुतं. मी काय बोलले न्हाय, पोरांना ताप नको म्हणून. आता न्हाय ते चालणार. नवरा माझा हाय. मला वाचता येईल असं लिव."

आई रागावली नव्हती. तशी रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी गोळ्याचं बटण दाबलं. अक्षरं बदलली.

आधी जरा हलक्या हातानं टाकलं: 'वृद्ध गायब'. भराभर बातम्या आल्या. आई बोट ठेवून मोठ्यानं वाचते, पोथी वाचल्यासारखी. दोन ओळी वाचून ती थांबली. "ह्ये हिंदी हाय," ती म्हणाली. खरंच होतं. लिपी एकच आणि दोन्ही शब्द हिंदीतही तितकेच घरचे, त्यामुळं लांबच्या कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतले हरवलेले म्हातारे येऊन बसले होते. नुसती लिपी बदलून भागत नाही. जो शब्द मराठीच वापरते तो घालावा लागतो आणि गावाचं नावही घालावं लागतं. कुठला शब्द घालायचा ते मला ठाऊक होतं. 'आढळला.' माझ्या मथळ्यातला शेवटचा शब्द.

मी आईला म्हटलं, "तू आत जा, पाणी आण मला."

"लिव तू," ती म्हणाली. जागची हलली नाही.

मी 'अनोळखी' एवढंच लिहिलं आणि पुढचे शब्द फोननंच सुचवले. अनोळखी वृद्धाचा मृतदेह. इतक्या लोकांनी हे आधी टाकलेलं असावं. मी पुढं 'आढळला' जोडलं, 'कागल' जोडलं. आईचं बोट स्क्रीनवर आलं. जुन्या बातम्या होत्या, मागच्या पावसाळ्यातल्या, त्याच्याही आधीच्या. एक माझीच होती. आणि त्या सगळ्यांच्या वर, काही तासांपूर्वीची, दुसऱ्या एका पोर्टलची.

पान उघडायला वेळ लागला. आधी कुठल्याशा सोनाराची जाहिरात आली. मग अक्षरं आली, आईनं फोन आपल्या हातात घेतला आणि ती वाचायला लागली. मला तिच्या हातातून फोन ओढून घ्यायचा होता. "काल-व्या-लगत," तिनं वाचलं. "अंदाजे वय सत्तर ते पंच्याहत्तर. रंग सावळा. अंगात पांढरा सदरा आणि पायजमा." तिथं ती थांबली. मग पुन्हा मागं जाऊन तिनं तेच वाचलं, "पांढरा सदरा आणि पायजमा." आबांनी आयुष्यभर दुसरं काही घातलं नव्हतं. पण आमच्याकडं त्या वयाचा कुठला माणूस दुसरं काही घालतो? हे मला आत्ता सुचतं. तेव्हा मी उठून मोरीकडं पळाले.

परत आले तेव्हा आई तशीच बसली होती. बोट त्याच ओळीवर. स्क्रीन विझली होती तरी.

मी भावाला फोन केला. बातमीत शेवटी सरकारी दवाखान्याचा उल्लेख होता, तिथं ओळख पटवायला ठेवलं होतं. भावाला काय सांगितलं ते मला आठवत नाही. तो एवढंच म्हणाला, "मी जातो. आईला सांगू नगंस."

"तिनंच वाचलं," मी म्हणाले.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते लिहिता येण्यासारखं नाही. आई देवापाशी गेली नाही, रडली नाही. तिनं आबांचा दुसरा सदरा दोरीवरून काढला, त्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. मी तिच्या शेजारी बसून होते आणि माझ्या डोक्यात एकच फालतू गोष्ट घुमत होती, की त्या बातमीत 'रंग सावळा' लिहिलंय आणि आबा तसे उन्हानं रापलेले आहेत, मूळचे गोरे. पोलीस रापलेल्या माणसाला सावळा म्हणतील की गोरा? मी स्वतः किती वेळा असा रंग लिहिला असेल. कधी कुणाच्या बायकोनं तो असा चाचपून बघितला असेल, असं मनातही आलं नव्हतं.

भावाचा फोन आला. आधी त्याला बोलता येईना. मला वाटलं संपलं सगळं. मग तो म्हणाला, "न्हाय. आबा न्हाईत. दुसरं कोणतरी हाय."

मी ते आईला सांगितलं. तिनं सदरा छातीशी धरला आणि ती पहिल्यांदा रडली. मीही रडले. सुटल्यासारखं वाटलं, अगदी हलकं. आणि त्याच क्षणाला लाजही वाटली, कारण तिकडं एक माणूस पांढऱ्या सदऱ्यात पडून होता आणि तो कुणाचा तरी आबाच होता. आई डोळे पुसून म्हणाली, "त्येच्या घरच्यांस्नी कोण सांगनार?"

तिच्या त्या प्रश्नानंच माझं डोकं ठिकाणावर आलं. मी भीतीच्या बाजूनं विचार करत बसले होते. आम्ही शोधत होतो, पण आबा ज्याला सापडले असतील तोही शोधत असेलच की. त्याच्या हातात फोन असेल. तो काय टाकेल? आबांना नाव विचारलं तर ते धड सांगत नाहीत, गाव सांगतात ते लहानपणीचं, आजोळचं. आणि भावाचं कार्ड? ते म्हणजे एक चित्र. त्यातली अक्षरं फोटोचाच भाग, शोधणाऱ्या यंत्राला ती वाचता येतीलच याचा भरवसा नाही. शिवाय ती इंग्रजी अक्षरांत, आणि ग्रुप बंद दाराआडचे. आबा ज्याला सापडले असतील त्याला आमच्यापर्यंत यायला आम्ही वाटच ठेवली नव्हती.

मी आमच्या संपादकांना फोन केला आणि सांगितलं की पोर्टलवर आबांचं पान टाकायचंय, साध्या मजकुराचं. ते लगेच हो म्हणाले. मी लॅपटॉप उघडला आणि सवयीनं सुरुवात केली: 'वृद्ध बेपत्ता. वय, उंची, रंग.' आई शेजारी बसून वाचत होती.

"ह्यात आबा कुठं हाईत?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ह्यो कुणीबी आसंल. त्या बातमीतला बी असाच हुता."

मी लिहिलेलं पुसलं. "मग काय लिहू?"

आई सांगत गेली, मी लिहीत गेले. नाव विचारलं तर सांगत नाहीत. कारखान्याच्या काट्यावर आहे म्हणतात. चहा दिला, जेवण दिलं तरी म्हणतात, गाडी रिकामी करून परत काट्यावर आण. ऊस दिसला की पाचट, वाळका पाला, फार आहे म्हणून भांडतात. चप्पल डावी-उजवी बदलून घालतात. हात धुवायला सांगितलं की दोनदा धुतात. डाव्या कानाला जरा कमी ऐकू येतं, उजवीकडून बोलावं. रागावले तर त्यांना 'साहेब, पावती द्या' म्हणावं, मग शांत होतात. हे शेवटचं मला माहीत नव्हतं. आई कधीपासून आबांना साहेब म्हणत होती कुणास ठाऊक.

मथळा मी दिला: 'कारखान्याच्या काट्यावर जायचंय म्हणणारे आजोबा तुमच्याकडे आलेत का?' खाली आमचे नंबर, मग आबांचा फोटो. असला मथळा आमच्या पोर्टलवर कधी गेला नव्हता. संपादकांनी फक्त एक काना दुरुस्त केला.

पान निघालं आणि पुन्हा वाट बघणं सुरू झालं. पहिल्या भीतीपेक्षा ही भीती वाईट होती, कारण आता करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. छोट्या पोर्टलचं पान यंत्राच्या नजरेला यायलाही थोडा वेळ लागतो. मी मधून मधून आमचेच शब्द टाकून बघत होते. पहिल्यांदा काही आलं नाही. अंधार पडता पडता बघितलं तर आमचं पान सगळ्यांत वर होतं. असले शब्द एकत्र दुसऱ्या कुठल्या पानावर असणार? मुंबईत नाहीत, हिंदीत नाहीत. आबांचं बोलणं आबांपुरतंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. फोन उचलायच्या आधी मला तो पोलिसांचाच वाटला. बाईचा आवाज होता, खणखणीत.

"अक्का, तुमचं अज्जा हाईत काय वो? काट्यावर आणा म्हनत्यात ते?"

मी फोन आईकडं दिला. आईनं विचारलं, "जेवलं काय?"

सीमेकडं, निपाणीच्या अलीकडं, रस्त्याला लागून तिचं रसाचं दुकान. आबा बिद्रीच्या पुढं झोपेतच गेले असावेत आणि ऊस दिसला तिथं उतरले असावेत. तिच्या उसात पाचट आहे म्हणून त्यांनी तिच्याशी तासभर वाद घातला म्हणे. तिला वाटलं, कुणीतरी येईल न्यायला. कुणी आलं नाही. तिनं त्यांना घरी नेलं, जेवायला घातलं. गावच्या पोलीस पाटलाला कळवलं. त्यानं आणखी वरती कळवलं, ते अजून चालूच होतं.

हे सगळं तिनं आम्ही तिथं पोचल्यावर सांगितलं. भावानं गाडी कशी चालवली ते देवाला ठाऊक. आबा तिच्या बाकड्यावर बसले होते, समोर रसाचा रिकामा ग्लास, चपला उलट्या. आई जाऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसली. त्यांनी तिच्याकडं बघितलं, ओळखलं की नाही कळलं नाही, पण सरकून जागा दिली.

मी त्या बाईला विचारलं, आमचं पान कसं सापडलं.

"मला कुठं लिवाय येतंय अक्का त्या फोनात," ती म्हणाली. "मी बोलतोय त्येच्याशी. माइकचं बटन दाबायचं आन् बोलायचं, मराठीत लिवून येतंय. आधी मीच बोललो, आजोबा सापडल्यात म्हनून. तर कुठलं कुठलं आलं, हिकडचं काय न्हाईच. मग म्हटलं, अज्जा, तुमीच बोला ह्येला. धरला फोन त्येंच्या तोंडाम्होरं."

आबा फोनला काय म्हणाले ते तिनं सांगायची गरज नव्हती. फोननं ते देवनागरीत लिहून घेतलं होतं. तिच्या स्क्रीनवर अजून तसंच होतं: गाडी रिकामी करून परत काट्यावर आण. आणि खाली पहिलंच आमचं पान. आईनं सांगितलं ते आणि आबा बोलले ते, दोन्ही एकाच अक्षरांत होतं, म्हणून ते एकमेकांना भेटलं. भाऊ ते बघत उभा राहिला आणि मग दुकानाच्या मागं जाऊन बराच वेळ आला नाही.

आता आबा घरीच असतात. दाराला वर कडी आहे. खिशात पाकीट, गळ्यात नंबराची पट्टी. पोर्टलवरचं ते पान मी काढलेलं नाही. घरात आता काही इंग्रजी अक्षरांत लिहायचं नाही, असं आईनं बजावलंय. भाऊ निमूटपणे मराठीत मेसेज टाकतो. आई सगळं वाचते, डॉक्टरांचंही. भीती गेली असं नाही. दुपारी दार वाजलं की मी अजून हातातलं काम टाकून उठते. फरक एवढाच की आता ती भीती तिघांत वाटलेली आहे.

परवाची गोष्ट. आबा माझ्या शेजारी बसले होते. मला अळूच्या वड्यांची कृती बघायची होती, आईनं अळू आणलेलं. मी देवनागरीत नुसता 'अ' लिहिला आणि फोननं माझं जुनं शोधलेलं वर काढलं. तो विसरत नाही. मी हात आडवा घालायच्या आत आबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. वाचायला ते अजून विसरलेले नाहीत, आईसारखेच मोठ्यानं वाचतात.

"अनोळखी वृद्धाचा मृतदेह आढळला," त्यांनी सावकाश वाचलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "कुनाचा गं ह्यो?"

"आपला न्हाय, आबा," मी म्हणाले.

आबांचं बोट त्या ओळीवरच होतं.

"कुनाचा तरी आसंल की," ते म्हणाले. "बघ जरा. घरात वाट बघत आसतील."